वेलांटी कुठल्या अक्षराची?

[दृश्य: डोंबिवलीतल्या एका इमारतीचा जिना. संध्याकाळी पाचची वेळ.]

तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आठवड्यातून दोन-तीन दिवस संध्याकाळी एक शिक्षिका येतात. मुलगा त्यांना ताई म्हणतो. तो नऊ वर्षांचा आहे आणि मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. तोंडी गणितं चटकन सोडवतो, ऐकलेली गोष्ट सगळ्या तपशिलांसह सांगतो, पण पुस्तक समोर आलं की अडतो. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमता.

घरी येऊन अशा मुलांना शिकवणाऱ्यांची मागणी शहरांमध्ये वाढते आहे. पण त्या तासात नेमकं काय व्हायला हवं, हे फी देणाऱ्या बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आम्ही यातला एकच तास जवळून पाहिला.

[दृश्य: जेवणाचं टेबल. स्टीलच्या ताटात रव्याचा पातळ थर. शेजारी पुठ्ठ्याची कार्डं.]

तासाची सुरुवात जुन्या कार्डांनी होते. एका कार्डावर एक अक्षर किंवा एक चिन्ह. मुलगा आवाज सांगतो, ताई कार्ड उजवीकडे ठेवतात. जिथे तो थबकला ते कार्ड डावीकडे जातं. या गठ्ठ्यात ‘ध’ आहे, पण ‘घ’ नाही, आणि ते मुद्दाम आहे. दिसायला सारखी अक्षरं एकत्र शिकवली तर अशा मुलाच्या मनात त्यांचा गोंधळ पक्का होतो. त्यामुळे ‘ध’ न अडखळता यायला लागेपर्यंत ‘घ’ बाजूलाच राहतो. ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तसंच. शाळेत पुस्तकाच्या क्रमाने जावं लागतं. इथे क्रम या मुलाच्या चुकांवरून ठरतो.

मग पाच मिनिटं पुस्तक, पाटी, कार्ड काहीही नाही, फक्त कान. “कमळ म्हण. आता ‘क’ न म्हणता म्हण.” मुलगा म्हणतो, “मळ.” “विमानातला पहिला आवाज कोणता?” तो थोडा वेळ घेतो. डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यांत आहे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुलांची मुख्य अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षराशी झटकन जोडण्यात असते. म्हणूनच रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम करून वाचन सुधारेल असं कुणी सांगत असेल, तर त्यावर पैसे घालवू नयेत. नजर कमी असेल तर चष्मा हवाच, पण तो वेगळा विषय झाला.

आजचा धडा आहे पहिल्या वेलांटीचा, आणि देवनागरीतला हा खरा चकवा आहे. ‘कविता’ या शब्दात वेलांटीची रेघ ‘व’च्या आधी काढलेली असते, पण तिचा आवाज ‘व’च्या नंतर येतो. डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या डोळ्याला ‘क’नंतर थेट वेलांटीच भेटते. हा मुलगा वाचतो, “किवता.” शनिवारचं करतो “शिनवार”. बेफिकिरी म्हणून याच चुकांवर वर्गात लाल रेघा पडतात. खरं तर तो दिसलं त्याच क्रमाने अगदी प्रामाणिकपणे वाचतो आहे.

म्हणून ताईंनी दुसरी वेलांटी आधी शिकवली. पाणी, माती, काकी, वाटी. दुसरी वेलांटी अक्षराच्या नंतर येते आणि आवाजही नंतर येतो, त्यामुळे तिथे डोळा आणि कान यांचं भांडण होत नाही. ती बसल्यावर पहिली वेलांटी आली, तीसुद्धा सुरुवातीला शब्दाच्या आरंभीच: दिवा, शिडी, विमान. शब्दाच्या पोटातली वेलांटी याच आठवड्यात सुरू झाली.

[दृश्य: रव्याच्या ताटात मुलाचं बोट.]

तो रव्यात आधी ‘व’ काढतो आणि मोठ्याने ‘व’ म्हणतो. मग वेलांटी काढून तिचं टोक ‘व’च्या माथ्यावर आणून टेकवतो, आणि ते टेकतं त्याच क्षणी ‘वि’ म्हणतो. बोट, डोळा, कान आणि जीभ एकाच वेळी कामाला लागतात. पाठोपाठ ठोकळे येतात. वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच ठोकळ्यावर लिहिलेलं आहे, म्हणजे ती शेजारच्या अक्षराला चिकटू शकत नाही. क, वि, ता. ठोकळे जोडून तयार झालेला शब्द तो वहीत उतरवतो.

ही पद्धत ताईंनी स्वतः शोधलेली नाही. डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात जी बहुसंवेदी, पायरीपायरीची शिकवण मांडली, तिच्याच वाटेवरचं हे काम आहे. ती इंग्रजीसाठी तयार झाली होती. मराठीत वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं कोणत्या क्रमाने घ्यायची, हे इथल्या शिक्षकांना इथल्या लिपीकडे पाहूनच बसवावं लागतं.

प्रशिक्षण लागतं ते याच कारणाने. या ताई आधी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नंतर त्यांनी विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केली. ही परिषद 1992 च्या कायद्याने आलेली आहे आणि विशेष शिक्षकांची नोंदणी तिच्याकडे होते. शिक्षक ठरवताना पालकांनी नोंदणी क्रमांक विचारावा, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारख्या संस्थाही या कामाचं प्रशिक्षण देतात.

प्रशिक्षण न घेतलेली शेजारची शिकवणी प्रेमाने शाळेचा गृहपाठ करून घेते. वह्या पूर्ण होतात, घरात तेवढ्यापुरती शांतता येते, पण वाचन आहे तिथेच राहतं. अनेक घरांची दोन-तीन वर्षं यात जातात. हा वेळ गेल्याचं मला सर्वात जास्त वाईट वाटतं, कारण मुलगा पुढच्या इयत्तेत गेला की पुस्तकातला मजकूर वाढत जातो.

मुलगा खरंच वाचतो आहे की नाही, हे ओळखायची ताईंची रीत साधी आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकातला धडा उघडायला सांगितला. मुलाने तो घडाघडा म्हटला. मग त्याच ओळीतले शब्द शेवटून पहिल्याकडे वाचायला सांगितले, आणि तो तिसऱ्या शब्दावर अडला. धडा पाठ होता. आता ताई एका चिठ्ठीवर अर्थ नसलेले शब्द लिहितात: मिबो, टगिला, नविशे. हे शब्द कुणाला पाठ असू शकत नाहीत आणि अंदाजानेही सांगता येत नाहीत. ‘मिबो’ बरोबर. ‘टगिला’चं आधी ‘टिगला’ झालं, मग त्याने स्वतःच दुरुस्त केलं. ‘नविशे’ पहिल्याच फटक्यात. ताईंच्या वहीत तारीख, शब्द आणि त्याने नेमकं काय वाचलं, हे तसंच्या तसं लिहिलं जातं. पुढच्या तासाची कार्डं या नोंदींवरून निघतात.

[दृश्य: दाराशी आई. हातात पाण्याचा पेला.]

“ताई, परवा तर सगळं आलं होतं त्याला. आज परत शिनवार कसं?”

“परवा ठोकळे हातात होते आणि सावकाश चाललं होतं. अजून ते आपोआप येत नाही. येणार, पण मधे असं जाणार.”

अशा मुलाच्या बाबतीत आलेलं जातं, पुन्हा येतं, पुन्हा जातं. ‘किती वेळा सांगायचं’ हे वाक्य घरात इथूनच सुरू होतं. ताईंचा संयम त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या गप्प बसण्यात दिसला. मुलगा अडला की त्या लगेच शब्द पुरवत नाहीत. मनातल्या मनात दहापर्यंत मोजतात आणि मग अख्खा शब्द न सांगता फक्त त्या ठोकळ्यावर बोट ठेवतात. शब्द आयता मिळाला तर मुलगा पुस्तकाऐवजी मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघायला शिकतो. आणि तो जांभया देऊ लागला, डोळे चोळू लागला की वाचन थांबतं. उरलेला वेळ ताई त्याला गोष्ट वाचून दाखवतात, कारण वाचन मागे पडलं म्हणून त्याचा शब्दसंग्रहही मागे पडायला नको.

आता फी. याबद्दल आडपडदा न ठेवता बोलायला हवं.

या घरात ताशी 600 रुपये ठरले आहेत. सगळीकडे हाच दर नसतो. शहर, अनुभव आणि प्रवास यांवर तो बदलतो. आठवड्याला तीन तास धरले तर महिन्याचे साधारण बारा, म्हणजे 7200 रुपये. वडील खासगी कंपनीत कारकून आहेत, त्यांना हा आकडा जड आहे. दुसऱ्या बाजूला, ताईंना एका तासामागे कार्डं आणि शब्दयाद्या तयार करायला अर्धा तास जातो, शिवाय येण्याजाण्याचा वेळ वेगळा. वीस मुलं एकत्र बसवून हे शिकवता येत नाही, म्हणून फी वाटून हलकी होत नाही.

दोन्हीकडच्यांनी बसून तोड काढली. पहिले दोन महिने तीन तास. त्यानंतर ताई आठवड्यातून दोनदा येणार आणि इतर दिवशी आई पंधरा मिनिटं फक्त जुनी कार्डं आणि ठोकळे घेणार, नवीन काही शिकवणार नाही. म्हणजे महिन्याला 4800 रुपये. आईने दोन महिने तासाला शेजारी बसून थांबायचं कुठे आणि बोट कुठे ठेवायचं ते पाहून घेतलं. चुकलेल्या तासाचे पैसे द्यायचे की तो भरून घ्यायचा, हेही आधीच कागदावर आलं. आणि दर तीन महिन्यांनी एक लक्ष्य. पहिलं लक्ष्य होतं, दोन्ही वेलांट्या असलेले अनोळखी वीस शब्द, त्यातले सोळा तरी बरोबर.

‘तीन महिन्यांत डिस्लेक्सिया घालवतो’ असं म्हणणाऱ्याकडे मूल सोपवू नये. तो जात नाही. वाचन अचूक होत जातं, वेग मात्र बहुतेकदा कमीच राहतो. तीन-चार महिने नियमित काम होऊनही नोंदवहीत काहीच हललं नाही, तर तास वाढवण्याआधी मुलाला पुन्हा तपासून घ्यावं. ऐकू कमी येतं का, लक्ष टिकत नाही का, बुद्ध्यांक चाचणी नीट झाली होती का. निदान करणं शिकवणाऱ्याचं काम नाही. मुंबईत सायन, केईएम, नायर अशा पालिका रुग्णालयांत ही तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय आहे. साधारण आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्राचा विचार होतो. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर पुढे दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. कमी राहिलेल्या वेगावर खरा उपाय तोच आहे.

या मुलाने पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी वीसपैकी सतरा शब्द बरोबर वाचले. चुकलेल्या तिन्हींत वेलांटी शब्दाच्या पोटात होती, म्हणून ती कार्डं अजून डाव्या गठ्ठ्यात आहेत. ती निघाली की रफार. ‘सूर्य’मधला ‘र्’ ऐकू येतो ‘य’च्या आधी आणि दिसतो ‘य’च्या डोक्यावर. ताईंनी त्याचे ठोकळे करायला घेतले आहेत.