शंभर वर्षांची कावड

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सुरुवात ऑस्ट्रियापासून करतो. जून 2020 मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने शंभर वर्षांचा कर्जरोखा विकला. मुद्दल परत मिळणार 2120 साली, आणि तोवर दर वर्षी व्याज, म्हणजे कूपन, 0.85 टक्के. शंभर युरोच्या रोख्यावर वर्षाला पंच्याऐंशी सेंट. घेणाऱ्यांनी साधारण 98 युरो मोजले, त्यामुळे हाती पडणारा परतावा 0.88 टक्के होत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस हा रोखा 130 च्या वर विकला जात होता. आणि 2023 च्या शरदात तोच रोखा 40 च्याही खाली आला.

यात कुणी बुडालं नाही. ऑस्ट्रिया ठरल्या दिवशी कूपन देतच होता, आजही देतो. बदलला तो फक्त बाजारातला व्याजदर. मग सरकारी हमीचा रोखा निम्म्याहून खाली कसा येतो, एवढंच आज बघायचं आहे.

दर चढला की जुन्या रोख्याची किंमत उतरते, हे इथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल. नवा रोखा जास्त व्याज देत असेल तर जुना कमी व्याजाचा रोखा कुणी त्याच भावात का घेईल? पण खरा प्रश्न ‘किती उतरते’ हा आहे. एक टक्का दर चढल्यावर एखादा रोखा एक टक्का उतरतो, एखादा तेरा, आणि एखादा त्याहून कितीतरी जास्त.

याचं मूळ काळात आहे. एक वर्षाने मिळणारे 100 रुपये घ्या. दर 7 टक्के असेल तर त्यांची आजची किंमत 93 रुपये 46 पैसे. दर 8 झाला तर 92 रुपये 59 पैसे. एक टक्काही नुकसान नाही. आता तेच 100 रुपये तीस वर्षांनी मिळणार आहेत असं समजा. 7 टक्क्यांना त्यांची आजची किंमत 13 रुपये 14 पैसे, 8 टक्क्यांना 9 रुपये 94 पैसे. जवळजवळ पाव भाग गेला. कारण तो एक टक्का एकदाच कापला जात नाही, तीस वेळा कापला जातो, चक्रवाढीने. पैसे जितके लांब, तितक्या वेळा कात्री चालते.

पण रोखा म्हणजे एकच लांबची रक्कम नसते. वाटेत कूपनं येत राहतात. तीस वर्षांच्या रोख्याचे सगळे पैसे तिसाव्या वर्षी येत नाहीत, काही पुढच्या वर्षीच येतात. मग त्या रोख्याला ‘तीस वर्षांचा’ म्हणणं कितपत खरं? फ्रेडरिक मॅकॉले यांनी 1938 साली नेमका हाच प्रश्न धरला आणि सांगितलं की मुदत मोजू नका, पैसे सरासरी किती वर्षांनी हातात येतात ते मोजा. या सरासरीला त्यांनी ड्युरेशन म्हटलं.

सरासरी मात्र साधी नाही. मला ती समजावताना कावड आठवते. लांब बांबू घ्या आणि त्यावर वर्षांच्या खुणा करा. प्रत्येक वर्षाच्या खुणेवर एक भांडं टांगा. कूपनाची भांडी छोटी, शेवटच्या खुणेवर मुद्दलाचा मोठा हंडा. एकच अट: भांड्याचं वजन म्हणजे त्या रकमेची आजची किंमत, कागदावर छापलेली नव्हे. आता बांबूला खांदा कुठे दिला तर तो तोलला जाईल? ती खूण म्हणजे ड्युरेशन. कूपनाची भांडी जड असतील तर खांदा अलीकडे सरकतो, हलकी असतील तर शेवटच्या हंड्याकडे. कूपनच नसेल तर बांबूवर एकच हंडा उरतो आणि खांदा थेट त्याच्याखाली जातो. मुदत आणि ड्युरेशन एकच होतात.

आता दोन खऱ्या कावडी शेजारी ठेवू. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारसाठी 50 वर्षांचा रोखा विकला, कूपन 7.46 टक्के. पन्नास वर्षं ऐकून छाती दडपते. पण आपल्याकडे कूपन सहामाही येतं ते धरून हिशेब करा: 2073 साली मिळणाऱ्या 100 रुपयांची, 7.46 टक्के दराने, आजची किंमत जेमतेम अडीच रुपये. हंडा म्हणावा तर तांब्यासुद्धा नाही. उरलेलं सगळं वजन कूपनांत आहे, आणि शंभरातले तब्बल 77 रुपये पहिल्या वीस वर्षांतल्या कूपनांतूनच येतात. म्हणून या रोख्याची दराला असलेली संवेदनशीलता निघते 13 च्या आसपास, म्हणजे दर एक टक्का चढला तर किंमत सुमारे 13 टक्के उतरेल. फंडांच्या फॅक्टशीटवर ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ म्हणून जो आकडा छापतात तो हाच. कावडीवरची खूण घ्यायची आणि तिला एक अधिक एका हप्त्याच्या काळातल्या दराने भागायचं, एवढाच फरक.

ऑस्ट्रियाच्या कावडीत चित्र उलटं आहे. तिथे पहिल्या वीस वर्षांतल्या कूपनांची आजची किंमत 98 पैकी साडेपंधरा युरोच भरते. आणि शंभर वर्षांनंतरच्या हंड्याचं वजन? 41.6 युरो. दर 0.88 टक्के इतका कमी असल्याने शंभर वर्षं कात्री चालूनही त्यात एवढा ऐवज शिल्लक राहतो. एकटा हा हंडाच ड्युरेशनमध्ये साडेबेचाळीस वर्षं घालतो. सगळी भांडी मिळून खांदा येतो 67 व्या वर्षाजवळ.

म्हणजे आपला 13 आणि त्यांचा 67. मुदत दुप्पट, संवेदनशीलता पाचपट. हे निव्वळ मुदतीने झालं असं वाटत असेल तर एक गंमत बघा. आपला रोखा 50 ऐवजी 100 वर्षांचा केला, कूपन आणि दर 7.46 च ठेवले, तर आकडा 13.1 वरून 13.4 होतो. पन्नास वर्षं वाढवून काहीच वाढलं नाही! कारण त्या जादा पन्नास वर्षांत टांगलेल्या भांड्यांना वजनच नाही. लांब मुदत धोकादायक होते ती लांबच्या पैशाला आज वजन असेल तेव्हाच. आणि ते वजन येतं कमी कूपन आणि कमी दर यांच्या जोडीतून. ही जोडी बहुधा एकत्रच फिरते, कारण दर शून्याजवळ असतानाच सरकारं अशी कूपनं छापू शकतात.

नुसत्या कूपनाचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर ऑस्ट्रियाच पुन्हा मदतीला येतो. त्यांनी 2017 मध्येही शंभर वर्षांचा रोखा काढला होता, कूपन 2.1 टक्के. सोयीसाठी दोन्हींची मुदत पूर्ण शंभर धरू आणि दर 0.88 वरून 2.5 टक्क्यांवर नेऊ. 2.1 वाला 181 वरून 85 वर येतो, म्हणजे सुमारे 53 टक्के उतरतो. 0.85 वाला 98 वरून 39.6 वर, म्हणजे सुमारे 60 टक्के. कर्जदार तोच, मुदत तीच, दरातला बदल तोच. फरक फक्त वाटेतल्या भांड्यांचा.

आता तुमच्यातले हिशेबी लोक मला पकडतील. संवेदनशीलता 67 आणि दर चढला 1.62 टक्के-अंकांनी, तर घसरण 67 गुणिले 1.62, म्हणजे सुमारे 108.5 टक्के व्हायला हवी. रोखा शून्याखाली कसा जाईल? जात नाही. नियम मोडतो तो इथे. दर चढू लागला की सगळ्यात लांबचा हंडा सगळ्यात जास्त हलका होतो आणि खांदा आपोआप अलीकडे सरकतो. 2.5 टक्क्यांवर पोहोचेपर्यंत 67 चे 46 झालेले असतात. म्हणजे पहिला धक्का सर्वांत मोठा, पुढचे बोथट होत जातात. दर उतरताना उलटं: दर 0.88 वरून 0.4 वर आणला तर सरळ गुणाकाराने 32 टक्के वाढ दिसते, प्रत्यक्षात सुमारे 40 मिळते. या वाकलेपणाला कॉन्व्हेक्सिटी म्हणतात. दरातल्या पाव-अर्ध्या टक्क्याच्या हालचालीत साधारण रोख्यांसाठी ती विसरलात तरी चालतं, अशा लांबलचक रोख्यांत नाही.

दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. ‘दर’ म्हणजे कुठला दर? युरोपियन मध्यवर्ती बँकेने जुलै 2022 ते सप्टेंबर 2023 मध्ये आपला ठेव दर उणे 0.5 वरून 4 टक्क्यांवर नेला, साडेचार टक्के-अंकांनी. शंभर वर्षांच्या रोख्याचा परतावा तेवढा चढला नाही, कारण दूरचे दर आजच्या धोरणासोबत पावलाला पाऊल लावून चालत नाहीत. ड्युरेशनला गुणायचा आकडा त्या रोख्याच्या स्वतःच्या परताव्यातला बदल, वर्तमानपत्राच्या मथळ्यातला नव्हे. रेपो दर अर्धा टक्का उतरला म्हणून सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणारा गिल्ट फंड तेवढ्या हिशेबाने वर जाईल असं धरून बसणारे दर वर्षी भेटतात.

मागून प्रश्न आला आहे: “पण विकलाच नाही आणि ठेवला तर? मग तोटा कागदावरचाच ना?” बँकेत आयुष्य काढलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. 2120 साली पूर्ण 100 मिळणार, यात शंका नाही. पणतू घेईल. पण 2.5 टक्क्यांच्या जगात शेजाऱ्याला दर शंभरावर अडीच युरो मिळतायत आणि तुम्हाला पंच्याऐंशी सेंट. दर वर्षी 1.65 युरो कमी, शंभर वर्षं. या शंभर हप्त्यांची 2.5 टक्के दराने आजची किंमत काढा. ती येते 60.4. शंभरातून 60.4 वजा करा. उरतात 39.6, बाजार जो भाव दाखवतोय तोच. विकलात तर हे 60.4 आज एकदम जातात, ठेवलात तर दर वर्षी 1.65 असे जात राहतात.