फोटोंच्या वहीतले चौघे
(वर्गात दाखवायच्या लघुपटाचे निवेदन)

[दृश्य: फोटोंची जाड वही, पाने उलटणारा हात]

रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो पोलीस ठाण्यात असे लावून ठेवलेले असतात. जून 2003 मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला. त्यात पंधरा वर्षांची मुलगी होती. तिच्यावर बलात्कारही झाला होता. जखमी आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. दोनच दिवसांनी आईला फोटो दाखवले, तिने चौघांवर बोट ठेवले आणि तसा जबाबही नोंदला गेला.

पण हे चौघे कधी आरोपी झालेच नाहीत.

[दृश्य: ओळख परेडचे नाट्यरूपांतर, एका रांगेत उभी माणसे]

अटक झाली ती भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना. काही आठवड्यांनी ओळख परेड झाली. परेडचा नियम असा की संशयितांसारख्याच दिसणाऱ्या, प्रकरणाशी संबंध नसलेल्या माणसांत त्यांना उभे करायचे आणि अटकेपासून परेडपर्यंत साक्षीदाराने त्यांना पाहिलेले नसावे. गडबड होते ती उशिरामुळे. रात्रीच्या गोंधळात पाहिलेला चेहरा पुसट होत जातो, रांगेतला चेहरा मात्र ठसतो. पुढे कोर्टात साक्षीदार प्रामाणिकपणे बोट दाखवतो, पण ते बहुधा रांगेतल्या माणसाकडे असते. म्हणून पहिली ओळख सर्वांत मोलाची. इथे नेमका तोच जबाब सरकार पक्षाने कोर्टापुढे आणला नाही.

[दृश्य: कोर्टाच्या पायऱ्या, फायलींचे गठ्ठे]

फाशीची शिक्षा सत्र न्यायालय देते, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. नाशिकला 2006 मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली.

इथे शिक्षेमागचा विचार पाहू. गुन्हा भयंकर होता आणि एवढ्या क्रौर्याला तोडीस तोड शिक्षा हवी, ही भावना खोटी नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बच्चनसिंग निकालाने फाशीसाठी प्रकरण ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हवे ही कसोटी घालताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितले होते: वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. 2009 च्या निकालाने आधार घेतला तो 1996 च्या एका निकालाचा, ज्यात फक्त गुन्ह्याकडे पाहिले होते. दोन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने तो 1996 चा निकाल बच्चनसिंग निकालाशी विसंगत ठरवला. सहा जणांची शिक्षा मात्र तशीच राहिली.

[पडद्यावर: व्हिडिओ थांबवा. प्रश्न: गुन्हा जितका क्रूर, तितका पुरावा कडक तपासला जातो, की सैल?]

[दृश्य: तुरुंगाची भिंत, पहाऱ्याची चौकी]

1894 च्या तुरुंग कायद्याप्रमाणे फाशीच्या कैद्याची येताक्षणी झडती होते, त्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत ठेवतात आणि त्याच्यावर रात्रंदिवस पहारा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच म्हटले होते की अपील, दयेचा अर्ज हे सगळे संपेपर्यंत त्याला असे एकटे ठेवता येत नाही. 2014 मध्ये पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलताना पुन्हा तेच सांगावे लागले. आणखी एक दंडक तेव्हा घातला गेला: दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळणे आणि फाशी यांत किमान चौदा दिवस हवेत. मानवी प्रतिष्ठा म्हणतात ती अशा हिशेबात उतरते. ज्याचा जीव घ्यायचा ठरला आहे, त्यालाही तयारीला आणि घरच्यांना भेटायला वेळ देणे.

[दृश्य: फायलीची जुनी पाने; कॅमेरा हळूहळू जवळ]

पूर्वी पुनर्विलोकनाचे, म्हणजे दिलेला निकाल त्याच न्यायालयाने पुन्हा तपासावा असे, अर्ज न्यायमूर्ती आपल्या दालनात कागदांवरूनच निकाली काढत. या सहा जणांचे अर्ज 2010 मध्ये फेटाळले गेले. 2014 पासून फाशीच्या प्रकरणात असा अर्ज खुल्या न्यायालयात ऐकणे बंधनकारक झाले. वकिलाला मिळतात फार तर तीस मिनिटे. या बदलामुळे प्रकरण पुन्हा उघडले. 2018 मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला आणि अपिले नव्याने ऐकली गेली. तेव्हा चौघांच्या ओळखीचा जबाब तपासला गेला, आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष सुटले.

त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. कायद्याने त्याला फाशी देताच आली नसती. हे 2012 मध्ये उघड झाले होते.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी ₹5 लाख भरपाई द्यायला सांगितले आणि चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. फोटोंतल्या त्या चौघांचा तपास करा, असेही सांगितले. तोवर जवळपास सोळा वर्षे उलटून गेली होती.