मृगबागेची रोपं कमी पडली तर

मे महिन्यात जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा शेडनेटखालची केळीची टिश्यूकल्चर रोपंही थबकतात. पानं कडेनं करपतात, नवं पान निघायला वेळ लागतो. मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या लागवडीसाठी, रोपवाटिकेनं जूनच्या दहा तारखेला द्यायची रोपं त्या दिवशी पिशवीत असतात, पण लावण्याजोगी नसतात. अशी कोवळी रोपं गाडीत भरली, तर शेतात रोपं मरतात आणि त्यांच्या जागी नांग्या भरता भरता शेतकऱ्याचा हंगाम जातो.

म्हणून मोजणी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच करायची. पाच निरोगी पानं आलेली रोपंच तयार धरायची, 'होतील तोवर' म्हणून एकही नाही.

समजा, चार गिऱ्हाइकांचं बुकिंग १०, ८, ५ आणि २ एकरांचं आहे. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७५० रोपं लागतात, म्हणजे एकूण ४३,७५०. तयार होतील ती २६,२५०, म्हणजे १५ एकरांची.

त्याच दिवशी चौघांना फोन करायचा. शेत नांगरून, ठिबकच्या नळ्या अंथरून माणूस वाट पाहत असतो. गाडीच्या आदल्या दिवशी कळलं तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. फोननंतर लेखी निरोप, दहा एकरवाल्याला असा:

"भाऊ, उन्हामुळे रोपं कमी तयार आहेत. १० जूनला तुम्हाला साडेपाच एकरांची रोपं मिळतील. बाकीची १ ते ८ जुलैदरम्यान, त्या खेपेच्या पहिल्या गाडीनं. थांबायचं नसेल तर उरलेल्या रोपांचा इसार परत देऊ, किंवा तेवढं बुकिंग ऑक्टोबरच्या कांदेबागेला वळवू. २५ मेपर्यंत कळवा."

'लवकरच देतो' हे शब्द यात नकोत. तारीख हुकण्याची भीती असते, म्हणूनच एक दिवस न सांगता आठवडा सांगायचा.

आता वाटप. टंचाईची कुणकुण लागली की लोक मागणी वाढवतात, कारण टक्केवारीनं वाटणी झाली तर जास्त मागणाऱ्याला जास्त मिळतं. त्यामुळे फोन करण्याआधी इसारासह नोंदलेलं बुकिंगच धरायचं. नंतर वाढवलेले एकर दुसऱ्या खेपेत.

सरसकट साठ टक्के धरले, तर दोन एकरवाल्याला सव्वा एकरही मिळत नाही. त्याचं सगळं शेत बहुधा ठिबकच्या एकाच व्हॉल्व्हवर असतं. त्यात तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा लागवड झाली, तर एका वयाच्या झाडांना दिलेलं खत दुसऱ्या वयाच्या झाडांनाही जातं आणि कापणीही लांबते. म्हणून दोन एकरांपर्यंतच्या बुकिंगला पूर्ण रोपं, हा नियम आधीच सगळ्यांना सांगायचा. मग १३ एकरांची रोपं २३ एकरांत वाटायची: प्रत्येकी साधारण साडेछप्पन्न टक्के. अर्ध्या एकराच्या तुकड्यांत बसवलं की दहावाल्याला साडेपाच, आठवाल्याला साडेचार, पाचवाल्याला तीन.

या जुळवणीत दहावाल्याचा थोडा वाटा कमी होतो, पाचवाल्याचा वाढतो. तो हिशेब लपवायचा नाही. जुलैच्या खेपेची पहिली गाडी दहावाल्याकडे जाते, आणि हे त्याच्या निरोपात आधीच लिहिलेलं असतं.