पाण्याचा हिशेब

कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडे एका जुन्या घराच्या स्वयंपाकघरात, चहाच्या भांड्याशेजारी खुणा आखलेला प्लास्टिकचा जग आणि एक दुरेघी वही ठेवलेली दिसते. या घरातील बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा बहुतांश भाग काढावा लागला. उरले ते सुरुवातीकडचे सुमारे ११० सेंटिमीटर. त्याचे टोक पोटावर छिद्र पाडून स्टोमा म्हणून बाहेर काढले होते, त्यातून येणारा द्रव पोटाला लावलेल्या पिशवीत जमे, आणि मोठे आतडे काही महिने वापराविना आत तसेच राहिले होते.

घरी आल्यावर त्यांना विलक्षण तहान लागे. ते दिवसाला साडेतीन लिटर पाणी पीत आणि मधूनच उसाचा रसही घेत. पिशवीत मात्र तीन लिटरांहून अधिक द्रव जमा होई, आणि लघवी जेमतेम अर्धा लिटर. दोन दिवसांत वजन ५८.२ किलोवरून ५६.१ वर आले. इतक्या झपाट्याने मांस किंवा चरबी झडत नाही. दोन दिवसांत उतरलेले दोन किलो म्हणजे शरीरातून गेलेले पाणी आणि मीठच होय. त्यांना रुग्णालयात नेऊन शिरेतून सलाइन द्यावे लागले.

याचे कारण आतड्याच्या या वरच्या भागाच्या घडणीत आहे. त्याचे अस्तर सैल विणीच्या कापडासारखे असते. आतल्या द्रवात सोडियमचे प्रमाण लिटरला ९० मिलिमोलपेक्षा बरेच कमी असेल, तर रक्तातील सोडियम आतड्यात झिरपते आणि त्याच्यामागून पाणीही जाते. म्हणजे साधे पाणी जितके जास्त प्यावे, तितके शरीर कोरडे पडते. उसाच्या रसाचा दोष निराळा आहे: त्यातील दाट साखर पाण्याला आतड्यात ओढून घेते.

“पाणी कमी प्यायचं आणि पाणी कमीही पडू द्यायचं नाही, हे कसं वो जमायचं?” हा त्यांच्या पत्नींचा प्रश्न अगदी रास्त होता. आहारतज्ज्ञांनी उत्तर वहीत लिहून दिले. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घालायचा, आणि हे द्रावण गार करून दिवसभर घोट घोट घ्यायचे. ग्लुकोज चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशी ग्लुकोजबरोबर सोडियमलाही आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागे येते. पाणी, चहा, ताक मिळून मर्यादा एक लिटरची, आणि तेही जेवताना नाही, तर जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर. दीड लिटर द्रावण सुरू केल्यावर, औषधांच्या जोडीने, पिशवीतील द्रव पावणेदोन लिटरपर्यंत उतरला आणि लघवी एक लिटरच्या वर गेली. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र एवढे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाच महिन्यांनी आतड्याचे टोक मोठ्या आतड्याला जोडण्यात आले, आणि पथ्याचे नियमच पालटले. मोठे आतडे पाणी आणि मीठ शोषून घेते, त्यामुळे द्रावणाची गरज बरीच घटली. पण तेच काही भाज्या-दाण्यांत असणारे ऑक्झलेट नावाचे द्रव्यही शोषून घेते. एरवी अन्नातील कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेते. येथे न पचलेली चरबीच कॅल्शियमला धरून ठेवते, मोकळे राहिलेले ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. म्हणून पिशवीच्या दिवसांत चाललेली शेंगदाण्याची चटणी आता बंद झाली. पालक आणि बीटही गेले, चहा एका कपावर आला. रश्शावरचा कट काढून टाकावा लागला, आणि कोल्हापुरात हे पथ्य पाळणे सर्वांत कठीण, हे सांगायला नकोच. प्रत्येक जेवणात वाटीभर दही आले आणि कॅल्शियमची गोळी जेवतानाच घ्यायची ठरली, कारण उपाशीपोटी घेतलेल्या गोळीला बांधायला ऑक्झलेटच सापडत नाही. भात आणि भाकरी मात्र वाढवली, कारण न पचलेल्या पिष्टातून मोठ्या आतड्यातील जिवाणू शरीराला वापरता येईल अशी ऊर्जा तयार करतात.

आता पिशवी नाही. वहीत शौचाच्या वेळा आणि पातळपणा लिहिला जातो, आणि खुणांच्या त्या जगमध्ये लघवी मोजली जाते. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन होते. गेल्या तीन आठवड्यांत ते दर आठवड्याला सुमारे ३०० ग्रॅमने उतरले आहे, लघवी मात्र सव्वा लिटरवर टिकून आहे. ही घट पाण्याची नव्हे, अन्नाची आहे. त्यामुळे आज द्रावण तेवढेच ठेवून दुपारी चारला आणि रात्री नऊला दोन लहान जेवणे वाढवली आहेत, आणि पुढच्या भेटीत चोवीस तासांची लघवी ऑक्झलेटच्या तपासणीसाठी न्यायची आहे.