लाकडी आंब्याचा फोटो काढताना

ऑनलाइन विकायच्या खेळण्यांचे फोटो फोनवर काढायचे, तर आधी सावंतवाडीच्या लाकडी फळांपैकी एक आंबा टेबलावर ठेवूया. चकचकीत रंगाची गोल वस्तू नीट टिपता आली की बाकीची खेळणी फारशी त्रास देत नाहीत.

फ्लॅश मारला की आंब्याच्या पोटावर पांढरा ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे खरं तर दिव्याचंच प्रतिबिंब. गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो, त्यामुळे दिवा लहान तर ठिपका लहान आणि टोचणारा. म्हणून दिवा मोठा करायचा. थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, तिच्यावर ट्रेसिंग पेपर लावा आणि टेबल दीड-दोन फुटांवर असं ठेवा, की उजेड बाजूने येईल. आता ठिपक्याच्या जागी लांबट, मऊ चमक दिसते आणि पिवळ्यातून केशरीत जाणारी रंगछटा शाबूत राहते. पलीकडच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. तो फार जवळ आणला तर सावली पुसली जाते आणि आंबा चपटा दिसतो, तेव्हा थोडा मागे सरकवा. चारही बाजूंनी पांढऱ्या कापडाच्या तयार पेटीत नेमकं हेच होतं. चकचकीत लाकडासाठी ती मी सुचवणार नाही, त्यात लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं.

खोलीतली ट्यूबलाइट बंदच हवी. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की एका बाजूचा रंग बदलतो आणि मग ‘फोटोतला रंग वेगळा होता’ म्हणून माल परत येतो. फोटो काढणाऱ्याचा लाल शर्टसुद्धा चकाकीत उतरतो. काळा किंवा राखाडी घाला.

पार्श्वभूमीला पांढरा कार्डपेपर मागून वर वळवून लावा, घडी न घालता. घडी पडली की आडवी रेघ दिसते. रंगीत कागद मोहक वाटतो, पण लाल कागदावर आंब्याचा तळ लालसर होतो आणि तो रंग मागाहून काढणं कठीण. घरातली टोपली, केळीचं पान वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत चालेल. पहिला फोटो मात्र पांढऱ्यावरच.

फोनला पांढरा कागद राखाडी करायची खोड असते, कारण तो सगळं दृश्य मध्यम उजेडाचं समजतो. आंब्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड हळूहळू वाढवा. चमकेची कड पसरू लागली की थांबा. कागद किंचित राखाडी राहिला तरी बेहत्तर, उडालेला रंग परत येत नाही. फिक्या केळ्याची कड कागदात विरत असेल तर दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा. कडेला बारीक गडद रेघ येते आणि आकार सुटा दिसतो.

फोन जवळ नेऊ नका. वीतभर अंतरावरून आंब्याचं पोट फुगतं आणि देठ बारीक होतो. तीन फूट मागे सरका, दुप्पट झूम घ्या. शेवटचा एक फोटो तळहातावर ठेवून काढा, म्हणजे फळ केवढं आहे ते कळेल.