स्टॉपलॉस लावला होता, मग लिक्विडेट कसे झालो?

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात एका मित्राने मला स्क्रीनशॉट पाठवला. इथरचा लाँग, म्हणजे भाव वाढेल या अंदाजाने घेतलेला सौदा, २५ एक्स, म्हणजे लावलेल्या पैशाच्या २५ पट, स्टॉपलॉस व्यवस्थित लावलेला, आणि तरी खाली लाल अक्षरांत "लिक्विडेटेड". सोबत मेसेज: "एक्सचेंजने फसवलं बघ." लिक्विडेट होणं म्हणजे तारण ठेवलेले पैसे संपत आले म्हणून एक्सचेंजने सौदा स्वतःच बंद करणं. फसवलं वगैरे काही नव्हतं. त्याच्या स्टॉपपर्यंत भाव पोचलाच नव्हता. लिक्विडेशनची किंमत स्टॉपच्या आधी बसली होती, आणि ती तशी बसवली होती त्यानेच.

चला, हा ट्रेड आकड्यांनिशी मांडू. क्रिप्टो पर्पेच्युअल, म्हणजे मुदत नसलेला फ्युचर्स सौदा. मार्जिन आयसोलेटेड, म्हणजे या सौद्यासाठी बाजूला काढलेले पैसे तेवढेच तारण. हिशेबाला सोपे आकडे घेतो आणि फी सोडून देतो. इथर ३००० ला घेतलं. चार्टवर २८८० च्या खाली गेलं तर आपला अंदाज चुकला, म्हणून स्टॉप २८८० ला. म्हणजे एंट्रीपासून ४ टक्के खाली. खात्यात १००० यूएसडीटी आहेत आणि या ट्रेडमध्ये २० पेक्षा जास्त घालवायचे नाहीत. २० भागिले ४ टक्के, म्हणजे ५००. आपली पोझिशन ५०० यूएसडीटीची.

बघा, इथपर्यंत लिव्हरेजचं, म्हणजे त्या एक्सच्या आकड्याचं, नावही निघालं नाही. स्टॉप चार्टने ठरवला, पोझिशनचा आकार स्टॉपने ठरवला. स्टॉपवर बाहेर पडलात तर ५ एक्सवरही २० जातील आणि २० एक्सवरही २०च. लिव्हरेज दोनच गोष्टी ठरवतं: किती पैसे मार्जिन म्हणून अडकणार आणि लिक्विडेशन किती लांब बसणार.

[स्क्रीनवर: ३००० ची आडवी रेघ, खाली २८८० ची लाल रेघ]

आता २५ एक्स लावून बघू. ५०० भागिले २५, मार्जिन २०. हे २० पूर्ण संपायला भाव ४ टक्के पडावा लागेल, म्हणजे बरोबर २८८०. पण एक्सचेंज शेवटचा पैसा संपेपर्यंत थांबत नाही. मेंटेनन्स मार्जिन म्हणून थोडी रक्कम राखून ठेवावी लागते. आपण अर्धा टक्का धरू. तर ४ मधून अर्धा गेला, राहिले साडेतीन टक्के. लिक्विडेशन २८९५ च्या आसपास. स्टॉपच्या पंधरा डॉलर वर! तो स्टॉप नुसता शोभेला.

इथे कुणीतरी म्हणेल, "अरे, मार्जिनच २० होतं, गेले ते २०च. फरक काय पडला?" प्रश्न रास्त आहे. फरक असा की भाव पडला साडेतीन टक्के, म्हणजे खरा तोटा साडेसतरा. उरलेले अडीच बहुतेक एक्सचेंज परत देत नाहीत, ते लिक्विडेशनच्या फीमध्ये किंवा इन्शुरन्स फंडात जातात. आणि समजा भाव २८९० ला टेकून वर गेला. तुमचा अंदाज बरोबर होता, स्टॉप शाबूत होता, पण तुम्ही मात्र बाहेर.

बरं, २० एक्स? मार्जिन २५, लिक्विडेशन २८६५. आता क्रम बरोबर झाला: आधी स्टॉप, मग लिक्विडेशन. पण मध्ये अंतर किती, तर परत पंधरा डॉलर, म्हणजे अर्धा टक्का. इथर अर्धा टक्का चहा गाळेपर्यंत हलतो. त्यात आणखी एक मेख आहे. लिक्विडेशन बघितलं जातं मार्क प्राइसवर. हा भाव इतर बाजारांचे भाव धरून काढलेला असतो. तुमचा स्टॉप मात्र बऱ्याच ॲपमध्ये लास्ट प्राइसवर लागलेला असतो, म्हणजे त्याच एक्सचेंजवरच्या शेवटच्या सौद्यावर. गडबडीत हे दोन भाव एकमेकांपासून फाकतात. अंतर एवढंसं असेल तर मार्क आधी खाली जाऊन लिक्विडेशन आधी होऊ शकतं. स्टॉप लावताना ट्रिगर कशावर आहे तो छोटासा ड्रॉपडाउन एकदा उघडून बघाच.

मग लिव्हरेज किती? मी लिक्विडेशन स्टॉपच्या अंतराच्या निदान अडीच पट लांब ठेवतो. हा काही नियम नाही, माझा अंदाजाने ठरवलेला आकडा आहे. ४ गुणिले अडीच, १०. त्यात मेंटेनन्सचा अर्धा, साडेदहा. १०० भागिले साडेदहा, साडेनऊच्या आसपास. खालचा पूर्ण आकडा घ्यायचा: ९ एक्स. मार्जिन साडेपंचावन्न आणि लिक्विडेशन साधारण २६८२. आता स्टॉप २८८० ला ट्रिगर होऊन घसरत घसरत २८६८ ला भरला तरी तोटा २० ऐवजी २२. चटका बसला, पण सौदा आपल्या हातानेच मिटला.

"मग २ एक्सच का नको?" असं विचाराल. कारण आयसोलेटेडमध्ये मार्जिन हीच तुमच्या तोट्याची शेवटची भिंत. २ एक्सवर २५० अडकले. स्टॉप काही कारणाने चाललाच नाही, तर २५० पर्यंत जाऊ शकतात. ९ एक्सवर हाच आकडा साडेपंचावन्न. आणि स्टॉप न चालणं ही काही दंतकथा नाही. स्टॉप लिमिट लावला आणि भाव लिमिट ओलांडून सरळ खाली गेला, तर ऑर्डर तशीच लटकत राहते. १० ऑक्टोबर २०२५ आठवा. आपल्याकडे ११ तारखेची मध्यरात्र उलटून दोन-अडीच वाजले होते. ट्रम्प यांच्या चीनवरच्या टॅरिफच्या घोषणेनंतर बाजार कोसळला आणि नोंदल्या गेलेल्या लिक्विडेशनचाच आकडा १९ अब्ज डॉलरच्या वर गेला. तेव्हा आपल्याकडचे बहुतेक जण झोपेत होते. अशा वेळी स्टॉप मार्केट खराब भावाला का होईना, भरला जातो. पण त्याला भरायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे हेच अंतर.

क्रॉस मार्जिनवर असाल तर हा हिशेब असा बसत नाही. तिथे अख्खं वॉलेट तारण असतं आणि दुसऱ्या पोझिशनमधल्या तोट्याने इथलं लिक्विडेशन सरकतं. म्हणून शिकणाऱ्याला मी आयसोलेटेडच सांगतो.

आता ॲपमधली एक गंमत. गंमत कसली, सापळाच.

[स्क्रीनवर: ऑर्डरचा चौकोन, टक्केवारीचा स्लायडर]

आकार टाकायच्या जागी २५, ५०, ७५ टक्के असे ठिपके असतात ना? ते टक्के पोझिशनचे नाहीत, शिलकीचे. १००० शिल्लक, २० एक्स, ५० टक्क्यांवर बोट ठेवलं की पोझिशन झाली १०,००० ची. आपल्याला हवी होती ५०० ची. ४ टक्क्यांचा स्टॉप लागला तर २० नाही, ४०० गेले. म्हणून त्या स्लायडरला हात लावू नका. ५०० भागिले ३०००, इथरचं प्रमाण ०.१६६, हा आकडा हाताने टाइप करा.

छोट्या कॉइनमध्ये स्टॉपच १० टक्के लांब ठेवावा लागतो. तिथे १० गुणिले अडीच, २५. मेंटेनन्सही जास्त असतं, १ टक्का धरू, झाले २६. १०० भागिले २६ केले की चारही येत नाहीत, म्हणजे ३ एक्स. पोझिशन फक्त २०० ची. आणि लिव्हरेज बहुतेक ॲपमध्ये प्रत्येक कॉइनला वेगळं लक्षात राहतं. इथरला ९ केलंत म्हणून नव्या कॉइनला ९ येत नाही. तिथे पहिल्यांदा गेलात की बऱ्याचदा २० एक्स लावलेलंच असतं.