रागाच्या शब्दांची शिडी कशी लावायची?

वैतागणं, चिडणं, रागावणं, संतापणं हे शब्द शाळेत समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ होतात. त्यांना चढत्या क्रमानं लावा म्हटलं, की प्रत्येक जण अंदाजानं लावतो आणि शेजारच्याशी वाद घालत बसतो. अंदाज नको. 'नुसता' हा शब्द हाताशी घ्या.

समजा, कोल्हापूरच्या स्टँडवर पन्हाळ्याची एसटी तासभर आलीच नाही. 'लोक नुसते चिडले नाहीत, संतापले' हे वाक्य सरळ जातं. आता उलटं म्हणा: 'लोक नुसते संतापले नाहीत, चिडले.' अडखळलात ना? वाक्य ज्या दिशेनं सरळ जातं, ती चढती दिशा. 'जरा' लावूनही पाहा. 'जरा वैतागलो', 'जरा चिडलो' आपण रोज म्हणतो, पण 'जरा संतापलो' म्हणताना जीभ कचरते. संतापण्यात जरासं असं काही नसतं.

चिडणं आणि रागावणं यांत मात्र ही कसोटी थांबते. पोरानं दूध सांडलं, आई ओरडली आणि लगेच विसरून गेली: चिडली, पण रागावली नाही. दुसऱ्या वेळी आवाज जराही चढला नाही, पण दोन दिवस ती बोलली नाही: रागावली, पण चिडली नाही. वाक्य दोन्हीकडून चालतं, म्हणजे वर-खाली ठरत नाही. एका शब्दात भडका आहे, दुसऱ्यात मुक्काम. त्यांना एकाच पायरीवर शेजारी बसवावं. रुसणं तर या शिडीवर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. कुणीतरी समजूत काढावी ही वाट पाहणं हाच त्या शब्दाचा जीव आहे.

आता आपलं खवळणं. पुस्तकी मराठीत समुद्र खवळतो, जमाव खवळतो. तिथं त्याची जागा संतापण्याच्या बरोबरीची किंवा वरची. आपल्या कोल्हापूरकडच्या घरात मात्र 'उशीर झाला तर आई खवळंल' म्हणजे बोलणी बसतील, एवढंच. हा फरक विभक्तीत दिसतो. 'आई मला खवळली', 'सर मला रागावले' यांत 'ला' आला, की बोलणी खाल्ली. 'माझ्यावर रागावले' म्हटलं, की राग मनात आहे. तोंडानं एक शब्दही निघालेला नसेल.

म्हणून शिडी सुट्या शब्दांची लावू नका, वाक्यांची लावा. वर्गातल्या एखाद्या पोरानं खवळणं हे चिडण्याच्या खाली लिहिलं, तर फुली मारण्याआधी त्याला वाक्य विचारा. 'बाबा मला खवळले' असं आलं, तर त्यानं शब्द योग्य जागी ठेवलाय. 'जमाव खवळला' असं आलं, तर वर न्यायला सांगा.